दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचायचा निरोप : एक प्रकरण

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात दिगंबर जैन दीक्षा ही ऐकीव गोष्ट नाही. आचार्य शांतिसागर महाराज याच भागातले, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे. 1955 साली कुंथलगिरीला त्यांची समाधी झाली, आणि त्यांच्यानंतर इथल्या कितीतरी शेतकरी घरांतून मुनी आणि आर्यिका निघाल्या. त्यामुळे दीक्षेची पत्रिका, मिरवणुकीचा फलक, अनुमोदनाची जाहिरात यांचे मजकूर आमच्याकडच्या छपाईवाल्यांकडे तयारच असतात. नाव बदललं की काम झालं. मैत्रिणींच्या निरोपाचा मजकूर मात्र कुणाकडे तयार नसतो. मी मानपत्रं आणि निरोपाचे मजकूर लिहून देतो. या कामासाठी पाचजणी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याकडे तीन मसुदे होते आणि तिन्ही एकमेकींना पटत नव्हते. त्यांच्या संमतीनं हे लिहितोय. नावं आणि गाव काढून टाकलं आहे.

परिस्थिती अशी. सहाजणी कॉलेजात असताना कोल्हापुरात एका वसतिगृहात राहिल्या. आता सगळ्या चाळिशीच्या आतबाहेर. त्यांतली एक गेली काही वर्षं ब्रह्मचारिणी म्हणून मुनी-आर्यिकांच्या संघाबरोबर होती. म्हणजे सातवी प्रतिमा, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेली, पांढरी साडी, पण फोन होता, गाडीत बसत होती, अधूनमधून आईकडे येत होती. आता ती आर्यिका दीक्षा घेणार होती. उरलेल्या पाचजणींत एकच जैन, बाकीच्यांत दोघी मराठा, एक लिंगायत, एक मुसलमान. दीक्षा हातकणंगले तालुक्यात, मंडप घालून. आदल्या संध्याकाळी घरात ओटी भरायची होती. तिथं मैत्रिणींनी चार शब्द बोलावेत असं तिच्या आईनंच सुचवलं होतं.

ब्रह्मचारिणी आणि आर्यिका यांत बाहेरून फार फरक दिसत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो. पाचजणींना वाटत होतं, आधीच तर गेली आहे, आता फक्त समारंभ. तसं नसतं. आर्यिका झाल्यावर तिच्याजवळ राहणार अंगावरची साडी, बदलायला दुसरी तशीच, मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. फोन नाही, पैसा नाही, वाहन नाही. दिवसातून एकदा आहार, तोही बसून, हाताच्या ओंजळीत, आणि पाणीही त्याच वेळी. केस दोन ते चार महिन्यांनी हातानं उपटायचे. नाव नवं, बहुधा ‘मती’नं संपणारं. घरचं नातं व्यवहारापुरतंसुद्धा उरत नाही. काही संघांत सोबतच्या ब्रह्मचारिणींकडे फोन असतो आणि निरोप पोचतो, हे खरं आहे, पण त्या भरवशावर मजकूर लिहायचा नसतो. एकदा ऐकला की संपला, कागद तिच्याजवळ राहणार नाही, असं धरूनच लिहावं लागतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न वेळेचा होता. त्यांनी ठरवलं होतं, दीक्षा झाल्यावर मंडपात स्टेजवर वाचायचं, फ्रेम करून द्यायचं. मी म्हटलं, दीक्षा झाल्यावर ज्या बाईला तुम्ही हे लिहिलंय ती तिथं नसणार. समोर माताजी असतील, तुम्हाला ‘आपण’ म्हणावं लागेल, आणि कॉलेजच्या दिवसांतल्या भेळेची आठवण हजार माणसांसमोर काढता येणार नाही. शिवाय स्टेजवर त्या वेळी पिच्छी-कमंडलूच्या बोल्या चालू असतात. तिथं मैत्रिणींचा नंबर लागला तरी ऐकणार कोण. आदल्या संध्याकाळी, घरात, ओटी भरून झाल्यावर, हीच एक वेळ. त्या वेळी ‘तू’ चालतं. चांदीच्या फ्रेमसाठी जमवलेले पैसे काढून ठेवा असंही सांगितलं. तिला ती स्वीकारता येणार नाही, आणि आईच्या भिंतीवर टांगली तर ती आईची फ्रेम होईल.

आता मसुदे.

पहिला जैन मैत्रिणीचा. ‘मोक्षमार्गाच्या पथिका’, ‘मोहमायेचे पाश तोडून’, ‘आमच्यासारख्या संसारी जीवांना’ अशी भाषा. तिनं तो आधीच्या एका समारंभाच्या स्मरणिकेतून जुळवला होता. यातला ‘मोहमायेचे पाश’ हा शब्दप्रयोग मी सगळ्यांना मोठ्यानं वाचायला लावला आणि विचारलं, हे पाश कोण? थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग लिंगायत मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे आम्हीच की.’ स्वतःलाच पाश म्हणून निरोप देणं दीक्षार्थीच्या तोंडी एक वेळ शोभेल, मैत्रिणींच्या तोंडी ते खोटं वाटतं. याच मसुद्यात इंटरनेटवरून आलेले काही शब्दही होते. ‘साध्वीजी’, ‘ओघा’, ‘वर्षीदान’. हे सगळं श्वेतांबर परंपरेतलं. दिगंबर घरात ‘ओघा हाती घेशील’ असं वाचलं असतं तर आजोबांनी तिथंच दुरुस्त केलं असतं. इथं पिच्छी असते. ‘मुंडण’ हा शब्दही काढला. केशलोच म्हणजे वस्तऱ्यानं काढलेले केस नव्हेत.

दुसरा मसुदा चांगला लिहिलेला होता, आणि तोच जास्त धोक्याचा. लिहिणारी बँकेत आहे, हात सराईत. ‘ती कायम हसतमुख असायची. कुणाच्याही मदतीला धावून जायची. तिची उणीव भासत राहील.’ वाचताना दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्यांना तो आवडला होता. मी फक्त क्रियापदांखाली रेघा मारल्या. असायची, जायची, यायची, करायची. एकही वाक्य वर्तमानकाळात नव्हतं आणि ‘तू’ कुठंच नव्हतं. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीचा साचा तो हाच. तिची आई समोर बसून हे ऐकणार होती. निरोपाचा मजकूर श्रद्धांजलीकडे घसरला आहे का हे ओळखायची माझ्याकडे दुसरी खूण नाही. क्रियापदं बघायची, आणि ज्याला निरोप देतोय त्याला एकदा तरी थेट हाक मारली आहे का ते बघायचं.

तिसरा व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी मिळून केलेला. त्यात गंमत होती, प्रेम होतं, आणि प्रत्येक ओळीत एक मागणी होती. ‘आम्हाला विसरू नकोस.’ ‘आमच्या मुलांना आशीर्वाद देत जा.’ ‘वाढदिवसाला मनातल्या मनात तरी विश कर.’ ‘भेटायला येऊ तेव्हा तुझ्या आवडीची पुरणपोळी घेऊन येऊ.’ पुरणपोळीची ओळ सगळ्यांची लाडकी होती, आणि तीच अशक्य होती. आर्यिकेसाठी मुद्दाम केलेलं अन्न हा उद्दिष्ट आहाराचा दोष होतो. घरात जे स्वतःसाठी शुद्धीनं केलंय त्यातलंच द्यायचं असतं. तेही दारात उभं राहून, ‘वंदामि, अत्र तिष्ठ’ म्हणत पडगाहन करून, मन, वचन, काय आणि आहार-जल यांची शुद्धी बोलून. त्यातही दूध, दही, तूप, तेल, मीठ, साखर या सहा रसांपैकी काय सोडलेलं असेल ते तिचं तिलाच माहीत. आवड सांगणं किंवा मागणं तर नाहीच. डबा घेऊन जाणारी मैत्रीण तिथं फक्त स्वतः कानकोंडी होऊन परत येते.

मागण्या काढा, असं मी म्हटल्यावर राग आला. बँकवाली म्हणाली, ‘विसरू नकोस म्हणायचं पण नाही?’ मी म्हटलं, म्हणा, पण तिला उत्तर काय देता येईल ते आधी ठरवा. ती ‘नाही विसरणार’ म्हणाली तर व्रताच्या आदल्या रात्री तिनं एक बंधन घेतलं. गप्प बसली तर तुम्ही दुखावणार. ज्या वाक्याला तिला खरं उत्तर देता येत नाही ते तिच्यासमोर ठेवायचं नाही, एवढी एकच चाळणी लावू. ती लावल्यावर तिसऱ्या मसुद्यातल्या बहुतेक ओळी आपोआप गळल्या आणि भेळेची तेवढी उरली.

खरी अडचण नंतर निघाली. पाचांपैकी एक, तिघी बोलत असताना सारखी खिडकीबाहेर बघत होती. तिची आई वारली तेव्हा दीक्षा घेणारी मैत्रीण संघाबरोबर पायी विहारात होती आणि आली नव्हती. फोन आला होता, दोन मिनिटांचा. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली होती आणि त्यावर दोघी एकदाही बोलल्या नव्हत्या. आता मजकुरात ‘काही चुकलं असेल तर क्षमा’ ही ओळ येणार होती, आणि तिच्याखाली सही करायला ही तयार नव्हती. ‘माझं काही चुकलं नाही,’ ती म्हणाली. ‘तिचं चुकलं.’

क्षमेला इथं नुसत्या शिष्टाचाराची जागा नाही. दीक्षेच्या विधीत दीक्षार्थी उभी राहून घरच्यांची, समाजाची, सगळ्या जिवांची क्षमा मागते. ‘खम्मामि सव्वजीवाणं, सव्वे जीवा खमंतु मे’ ही गाथा जैन घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. मी सगळ्या जिवांना क्षमा करतो, सगळ्या जिवांनी मला क्षमा करावी, असा तिचा अर्थ. म्हणजे दुसऱ्या दिवशी ती मंडपात क्षमा मागणार हे ठरलेलंच होतं, आणि ती मागत असताना गर्दीत बसलेल्या एकीच्या मनात हे तसंच असणार होतं.

माझं मत असं पडलं की हे कागदावर आणायचं नाही. सामुदायिक निरोपात एका माणसाचं भांडण घातलं की बाकीचे साक्षीदार होतात, आणि घरच्यांसमोर दीक्षार्थीला सफाई द्यावी लागते. पण ते गिळून सही करणंही बरोबर नाही. मी तिला म्हटलं, ओटीच्या आधी जा, एकटी जा, आणि काय लागलं ते नाव घेऊन सांग. ‘चुकलं असेल तर’ असं नको, ‘आई गेली तेव्हा तू आली नाहीस’ असं. ती दोन दिवस आधी गेली. आत काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. परत आल्यावर म्हणाली, ‘ती ओळ ठेवा. आणि वाचतो मी.’

दुसरा अवघड मुद्दा दाराचा. दोघींना लिहायचं होतं, ‘कधी परत यावंसं वाटलं तर आमचं दार उघडं आहे.’ भावना अगदी सरळ. पण दीक्षा मोडणं हा या समाजात मोठा डाग मानला जातो, आणि आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ते वाक्य म्हणणं म्हणजे तिच्या निश्चयावर शंका घेणं. आईवडिलांनी संमती दिलेली असते, तीही त्या वाक्यानं हलते. दुसरीकडे, ज्या बाईला खरंच कधी तब्येतीमुळे किंवा इतर कशामुळे बाहेर पडावं लागेल तिला कुठं जायचं हे माहीत असणं फार मोलाचं आहे. मी म्हटलं, हे एकीनंच, एकदाच, तोंडी सांगावं. सांगून झालं की विषय पुन्हा काढायचा नाही. मुसलमान मैत्रिणीनं ते काम घेतलं. तिचं घर संघाच्या आणि नातेवाइकांच्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर होतं, म्हणून तिनंच घेतलं ते बरं झालं असं मला वाटतं. अर्थात दीक्षार्थी चाळिशीची, शिकलेली, संघात राहून पारखून आलेली होती म्हणून मी इतकं शांतपणे हे सांगू शकलो. कोवळ्या मुलीची दीक्षा असती तर मी मजकूर लिहायला बसण्याआधी बाकीच्या गोष्टी विचारल्या असत्या.

भिशीचं तिनंच मिटवलं होतं. सहाजणींची महिन्याला पाचशेची भिशी, आणि हिनं आपला नंबर आधीच उचलला होता. उरलेले हप्ते तिनं एकरकमी भावाकडून पाठवले, वर चिठ्ठी, ‘माझ्याकडून हिशेब पूर्ण.’ त्या चिठ्ठीवर मैत्रिणी हसल्याही आणि चिडल्याही. मजकुरात ती आली.

लांबीबद्दल एवढंच : मोठ्यानं सावकाश वाचताना मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात, आणि भरल्या गळ्यानं त्याहून कमी. दोन-तीन मिनिटांच्या पुढं वाचणारी टिकत नाही. मोहमायेच्या भाषेला फाटा देऊन, मसुदा एकदा घरच्या बोलीत लिहून, असा मजकूर ठरला :

‘अगं, उद्यापासून तुला या नावानं हाक मारता येणार नाही, म्हणून आज मारून घेतो.

वसतिगृहात तू आम्हाला दिवस मावळायच्या आत जेवायला लावलंस. आम्ही कुरकुर केली, मग सवय झाली. रंकाळ्यावर आपण साडेपाचलाच जायचो, आणि भेळवाले काका बिनकांद्याची तुझी पुडी आधी बांधायचे. आम्ही अजून साडेपाचलाच जातो.

भिशीचा हिशेब पूर्ण असं तू लिहून पाठवलंस. पैशाचा झाला. अकाउंट्सच्या पेपरच्या आधी रात्रभर जागून तू आम्हाला शिकवलंस, त्याचा हिशेब आम्ही मांडतच नाही.

तुझा निर्णय आम्हा पाचजणींना सारखाच कळलाय असं नाही. एकीला आनंद आहे, एकीला राग होता, एकीला अजून प्रश्न आहेत. ते प्रश्न आमचे. तू ते बरोबर नेऊ नकोस.

इतक्या वर्षांत बोलण्यातून, वागण्यातून, न बोलण्यातून आमच्याकडून तुला जे लागलं असेल त्याची क्षमा मागतो. तुझ्याकडून जे राहिलं ते आमच्याकडून मिटलं.

तुझ्याकडं आमचं काही मागणं नाही. चातुर्मास कुठं आहे ते दादाकडून कळेल. जमेल तेव्हा येऊ, सगळ्यांसारखं वंदामि करू, बोलणं झालं नाही तरी पुढच्या वर्षी परत येऊ.

आईकडं आम्ही जात राहू.

चल. सावकाश जा.’

‘जे राहिलं ते आमच्याकडून मिटलं’ ही ओळ जिनं सही नाकारली होती तिनंच तशी करून घेतली. आधी मी ‘तुझ्याकडून काही राहिलं असेल तर’ लिहिलं होतं. ‘असेल तर काढा,’ ती म्हणाली, ‘राहिलं होतं.’ आईबद्दलची ओळ शेवटच्या दिवशी आली, आणि सगळ्या मजकुरात पुढं करून दाखवता येईल असं काही असेल तर ते त्या एकाच ओळीत होतं. त्यामुळे ती लिहिण्याआधी कोण कधी जाणार हे ठरवायला लावलं. नाहीतर तीही फ्रेमसारखीच झाली असती. बँकवालीकडं महिन्याचा पहिला रविवार आला, बाकीच्यांनी सण वाटून घेतले, आणि जैन मैत्रिणीनं पर्युषणाचे दिवस स्वतःकडं घेतले.

ओटीच्या संध्याकाळी अपेक्षा होती तशीच एक अडचण आली. मिरवणुकीचा बँड वेळेआधी आला आणि गल्लीत वाजायला लागला, त्यामुळे वाचन माजघरात, दार लावून, दहाबारा माणसांत झालं. ते बरंच झालं. दीक्षार्थीनं ऐकलं, पाचजणींसमोर हात जोडले, म्हणाली, ‘माझ्याकडूनही क्षमा,’ आणि कागद घडी घालून वाचणारीच्या हातात परत दिला. मी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून वाचणारीला ते लागलं नाही. न सांगता झालं असतं तर लागलं असतं.

नंतरचा एक प्रकार सांगायला हवा, कारण तो सगळीकडे होतो. दीक्षेच्या दिवशी दुपारी एकीनं हा मजकूर आणि कॉलेजच्या सहलीचा पन्हाळ्यावरचा जुना फोटो स्टेटसला ठेवला. फोटोत जीन्स, गॉगल, मोठ्यानं हसणारी सहाजणं. तासाभरात तो समाजाच्या तीन ग्रुपांवर गेला, खाली ‘पूज्य माताजी गृहस्थ जीवनात’ असं लिहून. संध्याकाळी भावाचा फोन आला, रागावून नाही, पण काढा म्हणून. स्टेटस काढलं, ग्रुपांवरचं निघालं नाही. मजकूर कुठं वाचायचा हे आम्ही ठरवलं होतं, वाचून झाल्यावर त्याचं काय करायचं हे ठरवायचं राहिलं होतं. आता असं काम आलं की जुन्या फोटोंबद्दल घरच्यांना काय चालेल हे मी पहिल्याच बैठकीत विचारून घेतो. बरीच घरं दीक्षेनंतरचाच फोटो वापरा म्हणतात, काही घरांना जुनाही चालतो. मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन दीक्षार्थीच होती. बाहेर पडण्याआधी तिनं बँकवालीला अॅडमिन केलं होतं, आणि ग्रुपचं नाव जे होतं तेच ठेवलं आहे, ‘सहाजणी’.